सणाच्या शुभेच्छांच्या चित्रातली चूक मोबाइलवरच दुरुस्त करायची कशी? दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा जवळ आला की आमच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात एकच प्रश्न दहा तऱ्हेनं येतो: "चित्र तयार आहे, पण त्यात एक अक्षर चुकलं, आता काय करू जी?" किराणावाले, कृषी केंद्रवाले, झुली-घुंगरमाळा विकणारे, सगळ्यांचाच हा प्रश्न. खाली दिलेले प्रश्न असेच आलेले आहेत. उत्तरं अँड्रॉइड फोन धरून लिहिली आहेत. एक गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. चित्रातलं एक अक्षर चुकलं आहे. तेवढंच खोडून नवं टाकता येईल का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे सुरुवातीलाच समजून घेतलं तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. गॅलरीत आलेलं चित्र म्हणजे रंगांचे ठिपके. त्यात अक्षरं अक्षरं म्हणून राहिलेली नसतात, त्यामुळे 'दी' वर बोट ठेवून 'दि' करता येत नाही. चुकलेल्या जागेवर मागच्या रंगाचं ठिगळ लावायचं आणि त्यावर नवा मजकूर लिहायचा, एवढीच वाट उरते.

त्यात देवनागरीची आणखी एक अडचण आहे. पोळ्याच्या चित्रात सगळ्यात जास्त दिसणारी चूक 'हार्दीक' ही आहे. ऱ्हस्व वेलांटी द च्या डाव्या बाजूला येते, दीर्घ वेलांटी उजव्या बाजूला. वरचा रफारही त्याबरोबर सरकतो. म्हणजे एका मात्रेसाठी शब्दाची रुंदी आणि आतली मांडणी दोन्ही बदलतात. म्हणून अक्षर बदलण्याच्या नादी लागू नका. निदान पूर्ण शब्द बदला, आणि माझं ऐकाल तर पूर्ण ओळ बदला. ओळीतला एकच शब्द नव्या फाँटमध्ये आला की तो लगेच वेगळा दिसतो. सगळी ओळ नवी असली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

२. ॲप कोणतं घ्यायचं? खरंच फुकट आहे का?

मी या कामासाठी PixelLab सांगतो. प्ले स्टोअरवर याच नावानं शोधा. फुकट आहे, मधूनमधून जाहिराती येतात. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं. गावात टॉवरचा भरवसा नसतो आणि सणाच्या आदल्या दिवशी तर नाहीच नाही, म्हणून ही गोष्ट मला मोलाची वाटते. दुसरं म्हणजे यात आपल्या पसंतीचा मराठी फाँट घालता येतो.

Canva सुद्धा चांगलं आहे. आयफोनवाल्यांनी तेच घ्यावं. पण त्याला इंटरनेट आणि लॉगिन लागतं, आणि फुकटच्या खात्यात स्वतःचा फाँट चढवता येत नाही. त्यातल्या मराठी फाँटवरच भागवावं लागतं. मुकुटाचं चिन्ह असलेल्या वस्तू पैशाच्या असतात, त्यांना हात लावू नका.

कोणत्याही वेबसाइटवरून 'प्रो' लिहिलेली एपीके फाइल आणून टाकू नका. त्याच फोनवर तुमच्या दुकानाचे यूपीआयचे पैसे येतात.

३. दुरुस्तीच्या आधी काही बघायचं असतं का?

हो. पहिले मूळ फाइल मिळते का ते बघा. चित्र तुमच्या पोरानं किंवा भाच्यानं ॲपमध्ये बनवलं असेल तर त्याच्या फोनमध्ये ते 'प्रोजेक्ट' म्हणून जतन केलेलं असू शकतं. ते मिळालं तर ओळीवर दोनदा टिचकी मारून अक्षर बदलायचं, बस्स. मग ठिगळाची गरजच नाही.

प्रोजेक्ट नसेल तर निदान मूळ चित्र मागा. व्हॉट्सॲपवरून तीन गटांतून फिरून आलेली प्रत घेऊ नका. गॅलरीतून नव्यानं पाठवलं की दर वेळी व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके येतात. अशा प्रतीवर नवी, स्वच्छ ओळ टाकली की जुना भाग आणखीच मळका दिसतो.

आणि संपूर्ण चित्र एकदा वाचून काढा. 'हार्दीक' सापडलं म्हणून तिथेच थांबणारे लोक खालचा 'शुभेच्छूक' तसाच सोडतात.

४. बरोबर काय आणि चूक काय, हे कसं ओळखायचं?

सणाच्या चित्रात शब्द ठरलेले असतात, त्यामुळे चुकाही ठरलेल्याच. बरोबर रूपं अशी: हार्दिक, शुभेच्छा, शुभेच्छुक, दीपावली, आशीर्वाद, गुढीपाडवा, विजयादशमी. 'शुभेच्छा'मध्ये च अर्धा आहे आणि त्याला पुढे छ जोडलेला आहे, 'शुभेछा' चूक. पोळ्याला 'पोळाच्या' नाही, 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा'. दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा लाकडी बैलांचा सण 'तान्हा पोळा', त्यातला न्ह सुटू देऊ नका.

'हार्दीक' इतकं का चुकतं, त्यालाही कारण आहे. वकील, गरीब, फूल अशा शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ लिहायची आपल्याला सवय असते. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ रूपच ठेवतात. म्हणून हार्दिक, मंदिर, सार्वजनिक हे ऱ्हस्वच. तरी शंका राहिलीच तर गावातल्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना ओळ वाचून दाखवा. एका फोनचं काम आहे.

५. आता प्रत्यक्ष दुरुस्ती सांगा. एकेक पायरी.

एक नेहमीचं चित्र धरू. चौकोनी, १०८० बाय १०८० पिक्सेलचं. वर हिरवी पार्श्वभूमी, ती वरून खाली थोडी गडद होत जाते. खाली झूल आणि बाशिंग घातलेली बैलजोडी. मधोमध पिवळ्या अक्षरांत 'पोळ्याच्या हार्दीक शुभेच्छा', आणि तळाला दुकानाचं नाव आणि नंबर.

पहिले मूळ चित्राची एक प्रत करून ठेवा. मग PixelLab उघडा. मधे 'New Text' लिहिलेलं दिसेल, ते सध्या बाजूला सरकवा. वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमधून Use image from gallery निवडा आणि चित्र घ्या. कापण्याची चौकट आली तर ती चित्राच्या चारही कडांपर्यंत ओढा, नाहीतर दुकानाचा नंबर कापला जातो. (बटणांची जागा ॲपच्या आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होते, नावं बघत चला.)

आता ठिगळ. नवखा माणूस इथे हिरव्या रंगाचा आयत काढून ओळीवर ठेवतो. पार्श्वभूमी सपाट एकाच रंगाची असेल तर तेही चालतं. रंग निवडताना चित्रातूनच रंग उचलायचं ड्रॉपरचं चिन्ह वापरा, अंदाजानं हिरवा निवडू नका. पण आपल्या चित्रात रंग वरून खाली गडद होतो, त्यामुळे एकरंगी आयताच्या कडा उठून दिसतील. तेव्हा असं करा: + चिन्हातून From gallery निवडून तेच चित्र पुन्हा आणा आणि ओळीच्या शेजारचा, अक्षर नसलेला कोरा पट्टा कापून घ्या. ओळीच्या डावीउजवीकडची रिकामी जागा असेल तर सगळ्यात उत्तम, कारण त्या उंचीवर रंगही तोच असतो. हा पट्टा मूळ मापाइतका करा, मग आडवा ताणून चुकलेल्या ओळीवर बसवा. रंग फक्त वरून खाली बदलत असला तर आडवं ताणल्यानं काही बिघडत नाही. उभं ताणलं की बिघडतं.

पट्टा बसला की दोन बोटांनी चित्र मोठं करून कडा बघा. जुन्या अक्षरांची काळी किनार किंवा सावली बऱ्याचदा बाहेर डोकावते. वेलांटीचं टोक आणि रफार वरून, उकार खालून. पट्टा तेवढा उंच घ्या.

मग बाजूला ठेवलेल्या 'New Text' वर दोनदा टिचकी मारून ओळ लिहा: पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा. ती पट्ट्यावर आणा, पट्ट्याखाली दडली तर लेयरच्या यादीत तिला पट्ट्याच्या वर सरकवा. फाँट निवडा (प्रश्न ७), पिवळा रंग जुन्या चित्रातून ड्रॉपरनं उचला, Stroke मधून जुन्यासारखी गडद किनार द्या. आकार असा ठेवा की ओळीची रुंदी पहिल्याइतकीच राहील. पट्टा आणि ओळ हलू नयेत म्हणून लेयरच्या यादीत त्यांना कुलूप लावता येतं.

शेवटी जतन. आधी Save as project करा, म्हणजे पुढच्या वर्षी किंवा नवी चूक सापडल्यावर हे सगळं पुन्हा करावं लागणार नाही. त्यानंतर Save as image करून PNG निवडा. अक्षरांच्या कडा त्यात स्वच्छ राहतात.

६. ओळीच्या मागे कोरी जागाच नाही. बैलाची शिंगं, फुलं, तोरण आहे. मग?

तिथे ठिगळ दिसणारच. शिंगावरून आडवा पट्टा ओढला की शिंग तुटतं आणि ते फार वाईट दिसतं. अशा वेळी लपवाछपवी न करता ओळीवर मुद्दाम एक पट्टी टाका: गडद तपकिरी किंवा गेरूसारखा लाल आयत, चित्राच्या पूर्ण रुंदीचा, त्यावर पांढरी किंवा पिवळी ओळ. ती पट्टी सजावटीचाच भाग वाटते. पारदर्शक ठेवू नका, खालची जुनी अक्षरं भुतासारखी दिसत राहतात.

पट्टीनं बैलाचं तोंड झाकलं जात असेल तर मात्र हे चित्र सोडा आणि नवं घ्या. पोळ्याच्या चित्रात बैलाचं तोंड झाकणं कोणालाच रुचणार नाही.

७. मी ओळ बरोबर लिहिली, पण अक्षरं तुटतात, चौकोन येतात किंवा भलतंच काही दिसतं. असं का?

दोष जवळपास नेहमी फाँटचा असतो. मराठी फाँट दोन जातीचे आहेत. एक युनिकोड, म्हणजे फोनच्या कीबोर्डवरून टाइप केलेलं मराठी समजणारे. दुसरे जुने, श्रीलिपी किंवा कृतिदेव या वळणाचे. डीटीपीवाले कॉम्प्युटरवर हे वापरतात. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. मित्रानं पाठवलेला सुंदर सुलेखनाचा फाँट तुमच्या फोनवर काम करत नसेल तर तो बहुधा या जुन्या जातीचा आहे. फाँट निवडूनही अक्षराचं वळण बदललंच नाही, तर तीही हीच खूण.

गुगल फाँट्सवर फुकट मिळणारे युनिकोड फाँट घ्या. ठसठशीत, गोलसर हवा तर Baloo 2, साधा आणि वाचायला सोपा हवा तर Mukta, पाटीवर रंगवल्यासारखा हवा तर Yatra One. ttf फाइल उतरवून PixelLab मध्ये फाँटच्या यादीतल्या My fonts मधून तिची जागा दाखवायची. नंबर आणि पत्त्यासाठी Mukta, मोठ्या ओळीसाठी Baloo, एवढ्यावर वर्षभराचे सगळे सण निघतात.

'हार् दिक' असा पाय मोडलेला र दिसत असेल तर र आणि द मध्ये चुकून जागा सुटलेली असते. ती काढा. टाइप करण्याचा क्रम प्रश्न ८ मध्ये आहे.

८. कीबोर्डवर 'र्दि' कसं टाइप करायचं? वेलांटी आधी की द आधी?

दिसायला वेलांटी आधी असली तरी टाइप करायची नंतर. पूर्ण क्रम असा:

ह + ा + र + ् + द + ि + क

रफारासाठी वेगळं बटण शोधू नका. र, त्यावर पाय मोडायचं चिन्ह आणि मग पुढचं अक्षर दिलं की रफार आपोआप वर जातो. 'शुभेच्छा'साठी च, पाय मोडणं, छ, काना. ॲपमध्ये टाइप करायला त्रास होत असेल तर ओळ व्हॉट्सॲपवर स्वतःलाच लिहून पाठवा, मोठ्या अक्षरात वाचा, बरोबर असली की कॉपी करून ॲपमध्ये चिकटवा.

९. दुरुस्त चित्र माझ्या फोनवर स्पष्ट दिसतं, पण गिऱ्हाइकाकडे धूसर जातं.

व्हॉट्सॲप दाबतं म्हणून. चित्र निवडल्यावर वर HD चं बटण येतं, ते दाबून पाठवा. गिऱ्हाइकाला एवढं पुरतं. Document म्हणून पाठवलं तर गुणवत्ता जराही उतरत नाही, पण समोरच्याला ते फाइलसारखं दिसतं आणि पुष्कळ जण उघडतच नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाला HD आणि छापखान्याला Document.

ब्रॉडकास्ट लिस्टवर पाठवत असाल तर एक ध्यानात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश मिळतो. "मला शुभेच्छा आल्याच नाहीत" ही तक्रार बहुतेक त्यामुळे येते.

१०. चुकलेलं चित्र गावच्या ग्रुपवर गेलं. आता?

पाठवून साधारण दोन दिवस होईपर्यंत Delete for everyone चालतं, तेव्हा पहिले तेच करा. तुमच्याकडून निघत नसेल तर ग्रुपच्या ॲडमिनला सांगा, ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही सगळ्यांसाठी काढता येतो. स्टेटसवरचं काढून नवं लावा, जुनं तसंही चोवीस तासांत जातं. चित्राखाली लिहिलेला मजकूर चुकला असेल तर तो पंधरा मिनिटांच्या आत Edit करून सुधारतो, पण चित्र तसं बदलत नाही.

ज्यांनी ते पुढे पाठवलं, त्यांच्या प्रती परत येत नाहीत. शुभेच्छांतली एक वेलांटी चुकली असेल तर दुरुस्त चित्र टाका आणि विषय सोडा. पण मोबाइल नंबर किंवा सवलतीची तारीख चुकली असेल तर दुरुस्त चित्राबरोबर एक ओळ लिहा: "आधीच्या चित्रातला नंबर चुकीचा आहे, कृपया हा वापरा." नाहीतर तुमची गिऱ्हाइकं दिवसभर कोण्या अनोळखी माणसाला फोन करत राहतील, आणि त्या बिचाऱ्याचा सण खराब होईल.

११. पाठवण्याआधी काय काय तपासायचं? यादी द्या.

कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवा:

- मोठी ओळ शब्द शब्द सुटा करून, मोठ्यानं वाचली का?
- 'शुभेच्छुक' आणि दुकानाचं नाव वाचलं का? नाव पाटीवर आहे तसंच आहे का?
- नंबर चित्रावरून बघून दुसऱ्या फोनवरून लावून पाहिला का? नुसता वाचला तर डोळा सवयीनं बरोबरच वाचतो.
- मागच्या वर्षीचं चित्र असेल तर साल, वार, तारीख बदलली का? पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते, कॅलेंडर बघूनच टाका.
- चित्र मोठं करून ठिगळाच्या चारही कडा पाहिल्या का?
- घरातल्या, हे चित्र आधी न पाहिलेल्या एखाद्याला वाचायला दिलं का?

वेळ अगदीच कमी असेल तर शेवटचं तेवढं तरी करा. ज्यानं चित्र बनवलं त्याला चूक दिसत नाही, दुसऱ्याला लगेच दिसते.

१२. चूक बियाण्याच्या कंपनीनं पाठवलेल्या चित्रात आहे. मी सुधारली तर चालेल का?

कृषी केंद्रवाल्यांचा हा प्रश्न नेहमीचा. तळाच्या कोऱ्या जागेत तुमच्या दुकानाचं नाव टाकायला दिलेलं असतं, तेवढं बिनधास्त टाका. पण वरचा मजकूर, बोधचिन्ह किंवा वाणाचं नाव स्वतःहून बदलू नका. ते कंपनीच्या नावानं फिरणार आहे. कंपनीच्या प्रतिनिधीला चुकीवर गोल काढून स्क्रीनशॉट पाठवा, दुरुस्त फाइल मागा. सणाच्या आत नाही आली तर कंपनीचं चित्र बाजूला ठेवून स्वतःचं साधं चित्र पाठवा.

१३. हेच दुरुस्त केलेलं चित्र फ्लेक्सला देऊ का?

नको. आपलं चित्र १०८० पिक्सेल रुंद आहे. ६ फुटांचा फ्लेक्स म्हणजे ७२ इंच, म्हणजे एका इंचाच्या वाट्याला फक्त १५ पिक्सेल येतात. दुरून बैल कसेबसे दिसतील, पण अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या फाटतील आणि मोबाइलवर न दिसलेलं ठिगळही उघडं पडेल. फ्लेक्सवाल्याला चित्र फक्त नमुना म्हणून दाखवा आणि मजकूर टाइप केलेल्या संदेशातून पाठवा. फोनवर तोंडी सांगू नका, 'हार्दीक' बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. छापण्याआधी त्याच्या स्क्रीनचा फोटो मागवून प्रश्न ११ ची यादी त्यावर पुन्हा फिरवा.

१४. चित्र हलणारं आहे, व्हिडिओ आहे. त्यातली ओळ बदलेल का?

PixelLab मध्ये नाही, ते स्थिर चित्रापुरतंच आहे. ओळ पूर्ण वेळ एकाच जागी उभी असेल तर फुकटच्या कोणत्याही व्हिडिओ ॲपमध्ये तिच्यावर प्रश्न ६ मधली पट्टी शेवटपर्यंत टाकता येते. ओळ उडत, फिरत येत असेल तर पट्टी तिच्यामागे धावू शकत नाही. तेव्हा त्या व्हिडिओतल्या बैलजोडीच्या चांगल्या क्षणाचा स्क्रीनशॉट घ्या आणि प्रश्न ५ प्रमाणे स्थिर चित्रच बनवा.